दुसरी झडप

दोन झडपांच्या दरवाजाला कुलूप एकाच झडपेत बसवलेलं असतं. पण कुलपाचा दांडा ज्या भोकात शिरतो, ते भोक चौकटीत नसतं. ते दुसऱ्या झडपेच्या कडेत असतं. एका झडपेच्या दारात कुलूप भिंतीत रोवलेल्या चौकटीला धरतं. इथे मात्र ते ज्या फळीला धरतं, ती फळीच बिजागऱ्यांवर फिरणारी असते. ती फळी जेवढी घट्ट उभी राहील तेवढंच कुलूप पक्कं. दार खडखडतं, किल्ली फिरवताना दार ओढून धरावं लागतं, पावसाळ्यात झडपा एकमेकींना घासतात, या तक्रारी घेऊन लोक कुलूपवाल्याकडे जातात. बहुतेक वेळा दोष कुलपात नसतो. तो रोज न उघडल्या जाणाऱ्या दुसऱ्या झडपेत असतो.

जुन्या वाड्यांत हा प्रश्न नव्हता, कारण तिथे अडसर होता. भिंतीतल्या पोकळीतून आडवा ओढला की तो दोन्ही झडपांच्या मागून जाऊन पलीकडच्या भिंतीत शिरायचा. दोन्ही झडपा एकाच लाकडाने रोखल्या जायच्या आणि जोर भिंतीवर यायचा. पण अडसर फक्त आतून लावता येतो. आज घरातली सगळी माणसं बाहेर जातात, परतताना बाहेरून किल्लीने दार उघडायचं असतं. त्यामुळे एक झडप रोजच्या वापराची चालती ठेवायची आणि दुसरी जागच्या जागी स्थिर करायची, अशी वाटणी आली. पलंग, कपाट, फ्रीज आत न्यायचा असेल किंवा घरात कार्य असेल तेव्हाच दुसरी उघडायची. ही स्थिर झडप वर चौकटीला आणि खाली उंबरठ्याला धरून ठेवणारी जी खिटी असते, तिचं सगळ्यात नीटस रूप म्हणजे फ्लश बोल्ट.

साधा टॉवर बोल्ट झडपेच्या आतल्या अंगावर स्क्रूने बसवलेला असतो. तो डोळ्यांना दिसतो, पडदा त्यात अडकतो, आणि दार बंद असतानाही आतून कुणीही तो सरकवू शकतं. शेजारी काच किंवा जाळी असेल तर बाहेरून हात घालूनही तो काढता येतो. फ्लश बोल्ट झडपेच्या जाडीत, दुसऱ्या झडपेकडे तोंड असलेल्या कडेत खाच पाडून आत बसवतात. त्याची पट्टी लाकडाच्या पातळीत येते, बाहेर काही उरत नाही. पट्टीत एक छोटी लिव्हर असते. ती उलटवली की सळई वर किंवा खाली सरकते. चालती झडप लागली की ही कड झाकली जाते, म्हणून दार बंद असताना लिव्हरला ना आतून हात लागतो, ना बाहेरून. दुकानात काही जण याला कन्सील्ड बोल्टही म्हणतात. घ्यायला गेलात तर वस्तू पाहूनच घ्या.

एका झडपेला दोन फ्लश बोल्ट लागतात, वर एक आणि खाली एक. घाईत माणसं एकच लावतात, बहुधा खालचा, कारण तिथे हात लवकर पोचतो. मग झडपेचा वरचा मोकळा कोपरा हलता राहतो. सात फूट उंचीच्या झडपेला मधोमध ढकललं की तो कोपरा आत जातो आणि कुलपाचा दांडा ज्या भोकात आहे, ते भोकही त्याच्याबरोबर सरकतं. आळस टाळण्याचा उपाय खरेदीतच आहे. फ्लश बोल्ट सहा इंचांपासून दोन फुटांपर्यंत लांबीचे मिळतात. खाली आठ किंवा बारा इंचांचा पुरतो, पण वरचा दोन फुटांचा घ्यावा, म्हणजे लिव्हर जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येते. वर आठ इंचांचा बसवला तर लिव्हर सव्वासहा फुटांच्याही वर जाते आणि घरातल्या आजी तो कधीच लावणार नाहीत.

आता एक खरी अडचण, जी कॅटलॉगमध्ये वाचायला मिळत नाही. आपल्याकडे मुख्य दाराची झडप साधारण 35 मिलिमीटर जाडीची असते. दोन झडपांच्या मधली फट झाकावी म्हणून सुतार दोन्ही कडांना रिबेट काढतो, म्हणजे पायरीसारखी खाच घेतो, आणि एका झडपेची पायरी दुसरीच्या पायरीवर बसते. दिसायला हे काम देखणं असतं. पण 35 मिलिमीटरचे दोन भाग झाले की प्रत्येक पायरी उरते जेमतेम साडेसतरा मिलिमीटरची. बाजारातल्या बऱ्याच फ्लश बोल्टची पट्टी त्याहून रुंद, 19 ते 25 मिलिमीटरची असते. ती त्या पायरीत मावतच नाही. जबरदस्तीने बसवली तर बाजूची लाकडाची भिंत कागदासारखी पातळ उरते आणि पहिल्याच पावसाळ्यात चिरते. कुलपाचंही तेच होतं. मॉर्टिस लॉकच्या तोंडाची पट्टी सरळ असते, ती पायरीवर बसवायला वेगळा रिबेट संच लागतो आणि तो मागवायला कुणाच्या लक्षात राहत नाही.

यातून तीन वाटा निघतात. झडप 45 मिलिमीटर जाडीची करायची, किंवा अरुंद पट्टीचा बोल्ट शोधायचा, किंवा रिबेटच टाळायचा. मला तिसरी वाट सर्वांत शहाणपणाची वाटते. दोन्ही कडा सरळ ठेवायच्या, मध्ये तीन मिलिमीटरची फट ठेवायची आणि ती झाकायला उभी लाकडी पट्टी लावायची. पट्टी कुठे लावायची, यात मात्र हमखास घोळ होतो. दार आत उघडणारं असेल तर पट्टी स्थिर झडपेच्या बाहेरच्या अंगावर लावावी आणि ती चालत्या झडपेवर बोटभर पुढे यावी. चालती झडप आत जाते, त्यामुळे पट्टी तिला अडवत नाही. उलट लागताना झडप तिच्यावर टेकून बरोबर जागी थांबते. बाहेरून पट्टी-पटाशी घालून कुलपाची जीभ ढकलायची वाटही तिच्यामुळे बंद होते. तीच पट्टी चालत्या झडपेला बाहेरून लावली तर दार उघडणारच नाही, कारण ती स्थिर झडपेवर अडकेल. पट्टीचे स्क्रू बाहेरून दिसता कामा नयेत. गोंद लावून ते आतल्या बाजूने, झडपेतून पट्टीत घ्यावेत.

हे सगळं प्रत्यक्षात कसं बिघडतं आणि कसं दुरुस्त होतं, ते चिपळूणजवळच्या एका घराच्या दारावरून सांगतो. दार सागवानी, चार फूट रुंद आणि सात फूट उंच. चालती झडप अडीच फुटांची, स्थिर झडप दीड फुटाची. उंबरठा ग्रॅनाइटचा. तक्रार अशी की दार लावलं तरी हलतं आणि किल्ली फिरवताना मूठ धरून दार आपल्याकडे ओढावं लागतं. घरच्यांनी कुलूप बदलून पाहिलं होतं. नव्या कुलपानेही तीच रड.

सुतार आला आणि म्हणाला, ''कुलपाला हात लावू नका. आधी ही झडप बघू.'' त्याने चालती झडप सताड उघडी ठेवली, स्थिर झडप लावून तिचे दोन्ही बोल्ट टाकले आणि तळहाताने तिला तीन ठिकाणी दाबलं, खाली, मध्ये आणि वर. ही तपासणी कुणालाही करता येते आणि तिला एक मिनिटही लागत नाही. खाली झडप पुरेशी घट्ट होती. वरच्या कोपऱ्यात मात्र ती चांगली पाव इंच मागेपुढे होत होती. वरच्या बोल्टची सळई गोल, दहा मिलिमीटरची होती, पण चौकटीतल्या पट्टीचं भोक कुणीतरी कानसीने घासून लांबट केलेलं होतं.

भोक घासायची वेळ का आली, हे झडपांमधल्या फटीने सांगितलं. खाली फट चार मिलिमीटर होती आणि वर जाता जाता ती एकावर आली होती. म्हणजे झडप वरच्या बाजूने मधल्या रेषेकडे कलली होती. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की असंच होतं. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. आपण म्हणतो झडप ‘बसली’, आणि तिचा कोपरा उंबरठ्याला घासतोय का ते खाली वाकून पाहतो. पण स्थिर झडप अरुंद असते. दीड फूट रुंदीच्या आणि सात फूट उंचीच्या झडपेची वरची बिजागरी एक मिलिमीटर ढिली झाली तर तिचा मोकळा कोपरा जेमतेम पाव मिलिमीटर खाली येतो, पण वरचं टोक एक मिलिमीटरहून जास्त मध्ये सरकतं. म्हणून अरुंद झडपेचा आजार खाली शोधू नका. दोन झडपांच्या मधल्या फटीची वरची आणि खालची रुंदी ताडून पाहा. वापरून झालेलं प्लास्टिकचं एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाडीचं असतं. अशी चार कार्डं एकत्र धरून फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवली तरी अंदाज येतो.

आणि बिजागरीचे स्क्रू ढिले का झाले? त्याचं उत्तर उंबरठ्यात होतं. खालच्या बोल्टसाठी ग्रॅनाइटमध्ये नुसतं भोक पाडलेलं होतं. उंबरठ्यावर रोज रांगोळी, हळदीकुंकू, वर झाडताना येणारी माती. हे सगळं भोकात जाऊन, पुसायच्या पाण्याने घट्ट बसलं होतं. फ्लश बोल्टची सळई साधारण वीस मिलिमीटर सरकते. त्यातले पाच मिलिमीटर झडपेखालची फट ओलांडण्यात जातात, पंधरा भोकात शिरायला हवेत. इथे ती सात-आठ मिलिमीटर शिरून मातीवर टेकत होती. लिव्हरची गंमत अशी की ती पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असेल तेव्हाच पट्टीच्या पातळीत निजते. मध्येच थांबली तर कडेतून बाहेर डोकावते. मग चालती झडप लावताना तिच्यावर आदळते, दार लागत नाही म्हणून माणसं ते आपटून लावतात, आणि तो प्रत्येक धक्का स्थिर झडपेच्या बिजागऱ्यांवर जातो. भोकातल्या रांगोळीने लिव्हर अडवली, लिव्हरने दार आपटायला लावलं, आपटण्याने स्क्रू सैल केले, झडप कलली, वरचा बोल्ट भोकात जाईना, कुणीतरी भोक घासलं, झडप हलायला लागली आणि शेवटी दोष आला कुलपावर.

दुरुस्तीचा क्रमही तोच धरला, मुळापासून. आधी भोक रिकामं केलं आणि रुंद करून त्यात पितळी डस्टप्रूफ सॉकेट बसवलं. या सॉकेटमध्ये स्प्रिंगवर उभी एक छोटी गुटी असते. बोल्ट वर गेला की ती वर येऊन तोंड झाकते, बोल्ट खाली आला की दबते. त्यामुळे माती आत जात नाही. किंमत फार नसते, तरी सर्वाधिक वगळली जाणारी वस्तू हीच. दगडात भोक पाडताना डायमंड कोअर बिट वापरावं, पाण्याची धार सोडत राहावी आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा. हॅमरने ग्रॅनाइटची कड उडते आणि ती पुन्हा जोडता येत नाही.

मग वरची बिजागरी. तिचे स्क्रू एक इंची होते. एकेक करून काढले, जुन्या भोकांत गोंद लावून सागाच्या पाचरी ठोकल्या, गोंद वाळू दिला आणि अडीच इंची स्क्रू चौकटीत खोलवर घेतले. एवढ्यावर वरची फट तीनवर आली. एवढं करूनही झडप सरळ होत नसेल तर खालच्या बिजागरीमागे पातळ पुठ्ठ्याची चकती घालतात. तिने झडपेचा खालचा भाग मध्ये ढकलला जातो आणि वरचा मागे येतो. पुठ्ठा वरच्या बिजागरीमागे घातला तर दोष वाढतो.

झडप सरळ उभी राहिल्यावरच वरच्या भोकाला हात घातला. भोक नेमकं कुठे हवं, हे मोजून काढण्यापेक्षा बोल्टला विचारणं बरं. सुताराने कुंकू तेलात कालवून सळईच्या टोकाला लावलं, झडप चौकटीशी समपातळीत धरली आणि लिव्हर वर केली. चौकटीवर लाल ठिपका उमटला. जुन्या लांबट भोकात लाकडाची गुटी बसवून त्या ठिपक्यावर अकरा मिलिमीटरचं नवं भोक पाडलं आणि त्यावर नवी पट्टी लावली. दहाच्या सळईला अकराचं भोक, यापेक्षा जास्त सैल नको. मोठं भोक पाडलं की बोल्ट सहज जातो आणि काम झाल्यासारखं वाटतं, पण झडप तेवढीच हलती राहते.

आता पुन्हा तळहाताने दाबून पाहिलं. झडप तिन्ही ठिकाणी स्थिर होती. शेवटी चालती झडप लावून कुलपाच्या जिभेलाही कुंकू लावलं. ठिपका स्थिर झडपेवरच्या पट्टीच्या भोकाच्या कडेवर पडला, म्हणून ती पट्टी दोन मिलिमीटर सरकवून पुन्हा बसवली. किल्ली दोन बोटांनी फिरली. जुनं कुलूप अडगळीत पडलं होतं; तेही निर्दोष होतं.

नवीन दार करतानाही क्रम हाच. आधी दोन्ही झडपा लटकवून फट जुळवायची, मग स्थिर झडपेचे बोल्ट, आणि सगळ्यात शेवटी कुलूप. कुलूप आधी बसवलं की पुढे झडप सरळ करताना प्रत्येक वेळी त्याची जागा चुकते.

कोकणात आणि घाटमाथ्यावर आणखी एक जपणूक लागते. लाकूड उंचीत जवळजवळ फुगत नाही, आडवं फुगतं. दोन झडपांच्या पॅनेलच्या दारात चार उभ्या पट्ट्या येतात. प्रत्येकीने अर्धा-पाऊण मिलिमीटर अंग धरलं तरी तीन मिलिमीटरची मधली फट संपते. सुतार झडपांचे चेहरे नीट पॉलिश करतात, पण वरची आणि खालची कड, तसंच फ्लश बोल्टची खाच कोरी सोडतात. लाकडाच्या टोकाकडून पाणी सर्वांत लवकर शिरतं. बोल्ट बसवण्याआधी त्या खाचेत आणि झडप टांगण्याआधी वरच्या-खालच्या कडांना पॉलिशचे दोन हात द्यायला सांगा. आणि जुलैमध्ये दार घासतंय म्हणून लगेच रंधा मारू नका. घासणं केवळ ओलीचं असेल तर दिवाळीनंतर फट परत येते. रंधा मारलेलं लाकूड परत येत नाही.

घरासाठी फ्लश बोल्ट उत्तम, पण मंगल कार्यालय, शाळा, नाट्यगृह अशा ठिकाणच्या बाहेर पडायच्या दाराला हाताने लावायचा फ्लश बोल्ट नको, असं माझं स्पष्ट मत आहे. स्थिर झडप बंद म्हणजे वाट अर्धी. धुरात, अंधारात, गर्दी मागून रेटत असताना कडेतली ती छोटी लिव्हर कुणाला सापडणार नाही. 30 डिसेंबर 1903 रोजी शिकागोच्या इरोक्वा नाट्यगृहाला आग लागली, त्यात सहाशेहून अधिक माणसं गेली. अनेक दारं कुलूपबंद होती, आणि काहींचे बोल्ट कसे उघडायचे हे प्रेक्षकांना ठाऊक नव्हतं. त्या दुर्घटनेनंतर ढकलताच उघडणाऱ्या पॅनिक बारचा प्रसार झाला. आज दोन झडपांच्या अशा दारांसाठी चालती झडप उघडताच आपोआप सुटणारे बोल्टही मिळतात. आधी स्थिर आणि मग चालती झडप लागावी, हे सांभाळणारं कोऑर्डिनेटर नावाचं उपकरणही मिळतं. कार्यालयाच्या मालकांनी ते लावावंत, आणि कार्य सुरू होण्याआधी आपणही एकदा मागच्या दाराची दुसरी झडप उघडी आहे का ते पाहावं.

घरच्या दारासाठी एवढंच करा. झडपा करायला टाकण्याआधी फ्लश बोल्ट, सॉकेट आणि कुलूप तिन्ही वस्तू विकत आणा आणि सुताराच्या हातात ठेवा. झडपेची जाडी आणि कड त्यांच्यावरून ठरू द्या. दार आधीच बसलेलं असेल तर चालती झडप उघडून दुसरीला वरच्या कोपऱ्यात आजच तळहाताने दाबून पाहा. ती हलत असेल तर कुलूपवाल्याला नव्हे, सुताराला बोलवा.